टाच दुखते, पाय सपाट आणि दिवसभर उभं राहायचं: मऊ बूट घेऊन फसलात, आता काय बघायचं?

"मी मेडिकलच्या काउंटरवर असते, वय ४१. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, मधला तासभर सोडला तर उभीच. तळपाय लहानपणापासून सपाट. चार महिने झाले उजवी टाच दुखतेय, सकाळी अंथरुणातून उतरल्यावर पहिली पाच-सहा पावलं टाकवत नाहीत. दुकानदार म्हणाला म्हणून साडेतीन हजारांचे मेमरी फोमचे एकदम मऊ बूट घेतले. आठवडाभर बरं वाटलं, आता दुपारनंतर आधीपेक्षा जास्त दुखतं. आर्च सपोर्टवाले घेऊ की रनिंगचे? मिडसोल कसला बघू?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याकडे टाच घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत असेच एक मऊ बूट असतात. तुमचे पैसे वाया गेले ते बूट वाईट होते म्हणून नाही. ते दुकानात दोन मिनिटं घालून बघण्यासाठी उत्तम असतात, दहा तास उभं राहण्यासाठी नाहीत.

चालताना पाऊल सतत उचललं जातं, त्यामुळे फोमवरचा भार येतो आणि जातो. दाबला गेलेला फोम पुढच्या पावलापर्यंत परत फुगतो. काउंटरवर उभं असताना मात्र तसं होत नाही. वजन तासन्‌तास एकाच जागी बसून राहतं आणि फोम हळूहळू खचत जातो. मेमरी फोम तर उबेने आणखी नरम पडतो, म्हणून दुपारपर्यंत टाचेखालचा भाग जवळजवळ तळाला टेकलेला असतो. त्यात सपाट पायाचं वजन आतल्या बाजूला जास्त पडतं, म्हणून फोमही आतल्या बाजूनेच जास्त दबतो. आधीच आत कललेलं पाऊल मग आणखी आत कलतं. जुन्या गादीवर मधल्या खड्ड्यात आपण घरंगळत जातो ना, तसंच.

हे टाचेला का भोवतं? टाचेच्या हाडाच्या खालून, जरा आतल्या अंगाने, एक जाड पट्टा निघतो आणि बोटांच्या मुळापर्यंत जातो. त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. तळपायाची कमान धनुष्य समजलात तर हा पट्टा त्याची दोरी. धनुष्य सपाट झालं की दोरी ताणली जाते, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते ती दोरी टाचेला जिथे चिकटलेली आहे तिथे. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, सकाळी पहिल्या पावलाला आखडलेला पट्टा एकदम ताणला जातो. तुमची ती पाच-सहा पावलं म्हणजे या दुखण्याची खूणच.

तरीही बूट घेण्याआधी एक खात्री करा. खुर्चीवर बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि अंगठ्याने टाचेखाली दाबत जा. टाचेचा पुढचा, आतल्या बाजूचा कोपरा दाबल्यावर जीव कळवळला तर दुखणं या पट्ट्याचंच आहे असं धरून चालायला हरकत नाही. टाचेच्या अगदी मधोमध दुखत असेल, सकाळी फारसं काही नसेल आणि कडक फरशीवर उभं राहिल्यावरच वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजलेली किंवा पसरलेली असू शकते. त्या माणसाला मी खोलगट वाटी असलेली मऊ टाच देतो. म्हणजे सल्ला उलटा होतो. शेजारणीला सिलिकॉनच्या टाचांनी गुण आला आणि तुम्हाला नाही आला, त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' असं निघालं तर त्याने घाबरू नका. तो छोटा काटा टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतो. बूट निवडताना मी त्याचा विचारच करत नाही.

आता सपाट पायाचं. आरशाकडे पाठ करून उभ्या राहा, घरच्या कुणाला तरी मागून बघायला सांगा आणि दोन्ही चवड्यांवर उंच व्हा. उंच झाल्यावर कमान उमटत असेल आणि टाचा किंचित आत वळत असतील तर तुमचा पाय लवचिक सपाट आहे. लहानपणापासून सपाट असलेले बहुतेक पाय असेच असतात आणि अशा पायाला आधार दिला की तो ऐकतो. चवड्यांवरही तळवा पाटासारखाच राहत असेल तर पाय ताठ आहे. तिथे उंच कमानीचा सुकतळा म्हणजे सरळ छळ. मग फक्त रुंद, स्थिर बूट आणि पातळ आधार, तोही तपासून घेतल्यावर.

आर्च सपोर्ट म्हणजे काय, याबद्दल दुकानांत फार गोंधळ आहे. बुटाच्या सुकतळ्यावर, म्हणजे इनसोलवर, मधोमध एक मऊ उंचवटा चिकटवला की डब्यावर 'आर्च सपोर्ट' छापतात. तो उंचवटा अंगठ्याने दाबून बघा. सहज सपाट झाला तर तुमचं वजन त्याला पाच मिनिटांत सपाट करणार. आधार म्हणजे दाबल्यावर थोडा लवणारा, पण न बसणारा भाग. मी लोकांना सांगतो, अंगठ्याखाली पिकलेला पेरू लागला पाहिजे, केळं नाही.

उंचवट्याची जागा त्याहून महत्त्वाची. आतल्या घोट्याचं हाड हाताला लागतं, त्याच्या जरा पुढे आणि खाली पावलाच्या आतल्या कडेला आणखी एक हाड टोकदार लागतं. उभं राहिल्यावर सपाट पायात खचतं ते हेच. आधाराचा सर्वांत उंच भाग या हाडाच्या खाली आणि थोडा मागे, टाचेकडे यायला हवा. रेडिमेड सुकतळ्यात तो बरेचदा पुढे सरकलेला असतो आणि चवड्याच्या अलीकडे, मऊ मांसात टोचतो. टोचायला लागलं की लोक म्हणतात 'सवय होईल'. जागा चुकली असेल तर सवय होत नाही. दहा मिनिटं उभं राहून कुठे टोचतं ते बघा: टाचेजवळ भरल्यासारखं वाटणं चालेल, तळव्याच्या मध्यावर गोटी आल्यासारखं वाटणं चालणार नाही.

उंचीच्या बाबतीत हाव नको. तुमच्या पायात नसलेली कमान तयार करायची नाहीये, आहे ती खचण्यापासून थोडी अडवायची आहे. आणि पायाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेला महागडा सुकतळाच हवा असंही नाही. टाचदुखीसाठी रेडिमेड आणि मापाचे सुकतळे यांची तुलना ज्या अभ्यासांत झाली आहे, त्यांत दोघांत फारसा फरक दिसलेला नाही. मी मापाचा सांगतो तो पाय फार वाकडा असेल, ताठ असेल किंवा दोन चांगले रेडिमेड वापरूनही जमलं नसेल तेव्हाच.

पण सुकतळा कितीही चांगला असो, तो कशावर बसतो हा प्रश्न उरतोच. इथे मिडसोल येतो, म्हणजे जमिनीला लागणारं रबर आणि सुकतळा यांच्या मधला जाड थर. खचलेल्या मिडसोलवर टणक आधार ठेवणं म्हणजे चिखलात वीट ठेवणं. वीट शाबूत राहते, पण आधार बुडतो.

तुम्हाला दोन प्रकारचे मिडसोल भेटतील. एक ईव्हीए, जो बहुतेक स्पोर्ट्स शूजमध्ये असतो. हलका, मऊ, पण सततच्या भाराने कायमचा दबत जाणारा. दुसरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. जड वाटतो, दुकानात घालून बघताना ईव्हीएइतका 'मस्त' वाटत नाही, पण रोजच्या उभ्या कामात आकार जास्त टिकवतो. सेफ्टी शूज आणि नर्सिंगच्या बऱ्याच बुटांत तो असतो. त्याचा एक दोष लक्षात ठेवा: दमट हवेत पीयू आतून विघटित होतो. कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन वर्षं कपाटात ठेवलेला न वापरलेला बूट घातल्या दिवशी तळाचा भुगा होऊन पडतो, ते याचमुळे. सेलमध्ये जुना साठा स्वस्तात मिळाला तर उत्पादनाची तारीख बघा.

ईव्हीए चालतच नाही असं नाही. जरा टणक ईव्हीए, शिवाय आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा, बहुधा राखाडी, जास्त टणक फोमचा पट्टा असेल तर सपाट पायाला ते बूट चांगले. रनिंगच्या दुकानात हे 'स्टॅबिलिटी' म्हणून मिळतात. म्हणजे तुमच्या 'रनिंगचे घेऊ का' या प्रश्नाला उत्तर: घ्या, पण हे. सध्या आलेले जाड, उशीसारखे, उडी मारल्यागत वाटणारे रनिंगचे बूट काउंटरसाठी नकोत.

दुकानात बूट हातात घेऊन मी काय करतो ते सांगतो. आधी टाचेमागची वाटी दोन बोटांत धरून दाबतो. ती चिमटली तर बूट परत ठेवतो. मग टाच आणि चवडा दोन हातांत धरून वाकवतो. बूट बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर ताणलेल्या पट्ट्यालाही तिथेच घडी पडणार. मग ओला टॉवेल पिळतात तसा पिळतो, थोडा पिळला गेला तर ठीक, पूर्ण वळला तर नाही. मग उलटा करून कमानीखालचा तळ किती रुंद आहे ते बघतो. काही बूट तिथे कमरेसारखे आत कापलेले असतात. दिसायला छान, पण सपाट पायाचं वजन नेमकं त्या कापलेल्या जागेवर पडतं आणि खाली धरायला काहीच नसतं. शेवटी सुकतळा उपटून बघतो. तो चिकटवलेला असेल तर तुमचा आधाराचा सुकतळा त्याच्यावर ठेवावा लागेल, पाऊल वर येईल आणि टाच मागून निसटेल.

आणखी एक माप आहे, टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे ते. ८ ते १० मिलिमीटरचा फरक मला टाचदुखीत हवा असतो. टाच थोडी वर असली की पोटरी आणि टाचेमागची शीर सैल राहते, आणि त्यांची ओढ कमी झाली की तळव्याच्या पट्ट्यावरची ओढही कमी होते. अगदी सपाट कॅनव्हासचे बूट, पातळ चामड्याच्या चपला आणि सपाट बेली या दुखण्यात म्हणूनच नकोत.

हे सगळं एकत्र कसं बसतं त्यासाठी एक प्रकरण सांगतो. मोठ्या सोसायटीच्या गेटवर १२ तासांची ड्युटी करणारे ५४ वर्षांचे एक काका आले होते. दोन्ही पाय सपाट, उजवी टाच दुखणारी. एजन्सीने दिलेले काळे फॉर्मल बूट, तळ कडक पीव्हीसीचा. त्यात त्यांनी रस्त्यावरून घेतलेले जाड फोमचे सुकतळे मूळ सुकतळ्यावर टाकलेले. टाच चालताना वर सरकायची म्हणून नाडी इतकी घट्ट बांधायचे की पावलावर वळ उठले होते. कागदावर पाय ठेवून माप घेतलं. बसल्यावर लांबी २५.४ सेंटिमीटर, उभं राहिल्यावर २६.१. सपाट लवचिक पाय उभा राहिला की लांब होतो, इथे ७ मिलिमीटरने. बुटातला मूळ सुकतळा काढून मोजला तर २६.४. म्हणजे उभ्या पायापुढे फक्त ३ मिलिमीटर जागा. संध्याकाळी सुजेपोटी तेवढीही उरत नसणार. पुढे निदान एक सेंटिमीटर हवा. आपल्याकडच्या नंबरांत एका पूर्ण नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात, म्हणून ७ ऐवजी ८ घेतला तर सुकतळा २७.२ च्या आसपास येईल आणि पुढे ११ मिलिमीटर उरतील, असा हिशेब केला.

काळा रंग आणि नाडी या एजन्सीच्या अटी होत्या. त्यात बसणारा, लोखंडी टोक नसलेला, पीयू तळाचा, सुकतळा निघणारा बूट शोधायला त्यांना तीन दुकानं फिरावी लागली. त्यात टणक ईव्हीएचा, टाचेला वाटी असलेला रेडिमेड सुकतळा घातला. दोन दिवसांनी डावीकडे टोचतंय म्हणून परत आले. डावी कमान उजवीपेक्षा जास्त सपाट होती. डाव्या सुकतळ्याचा उंचवटा खालून घासून सुमारे ३ मिलिमीटर कमी केला, तक्रार गेली. सहा आठवड्यांनी सकाळचं दुखणं त्यांच्याच गुणांनी दहापैकी सातवरून तीनवर आलं. तीन महिन्यांनी रोजची ड्युटी बिनदुखत व्हायची, डबल ड्युटीच्या रात्री मात्र टाच आठवण करून द्यायची. ती अजूनही देते, असं परवाच म्हणाले.

तुम्हाला गणवेशाची अट बहुधा नसेल, तेव्हा तुमचं काम सोपं आहे. संध्याकाळी, कामावरून उठून दुकानात जा, कारण तेव्हा पाय सगळ्यात मोठा असतो. आधाराचा सुकतळा आधी घ्या आणि तो बरोबर नेऊन बूट त्याच्यासकट घालून बघा. बायकांच्या मापात चवडा अरुंद वाटला तर पुरुषांच्या विभागातला तोच बूट घालून बघायला लाजू नका, सपाट पायाचा चवडा बरेचदा रुंद असतो. दुकानात फिरू नका, काउंटरसारख्या एका जागी दहा मिनिटं उभ्या राहा. विक्रेता जरा कंटाळेल, चालायचंच.

नवा टणक आधार पहिल्याच दिवशी अकरा तास वापरला तर पोटऱ्या आणि गुडघे बोंबलतील. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज तासभर वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण वेळ. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, दबलेल्या फोमला पूर्वस्थितीत यायला वेळ मिळतो आणि पावसाळ्यात आतून वाळायलाही. किती महिन्यांनी बदलायचे याचं उत्तर बूटच देतो. टेबलावर ठेवून मागून बघा. टाच आतल्या बाजूला झुकलेली दिसली, किंवा मिडसोलच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर वरून बूट नवाकोरा दिसला तरी काम संपलं. ईव्हीएत रोज उभं राहणाऱ्यांना मी सहा महिन्यांनी हे बघायला सांगतो.

घरात काय घालता तेही बघा, कारण सकाळचं पहिलं पाऊल तुम्ही बुटात टाकत नाही, फरशीवर टाकता. पलंगाखाली आधाराच्या, मागे पट्टा असलेल्या घरातल्या वेगळ्या सँडल ठेवा आणि त्यात पाय घालूनच उभ्या राहा. त्याआधी बसल्या बसल्या हाताने पायाची बोटं वर ओढून दहा सेकंद धरायची, दहा वेळा. 'टाच दुखते' म्हटलं की अनेकजण एमसीआर, म्हणजे मऊ रबराची चप्पल घ्यायला सांगतात. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्यांना ती फार उपयोगी, कारण ती दाब पसरवते. पण साध्या एमसीआरला कमानीचा आधार नसतो. सपाट पायाला ती मेमरी फोमचीच बहीण.

पादत्राणाने ओढ कमी होते, पट्टा आणि पोटरी बळकट होत नाहीत. त्यासाठी एका पायरीवर चवडा ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन टाच सावकाश वरखाली करायचा व्यायाम एक दिवसाआड करावा लागतो, आधी दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर. बूट आणि व्यायाम दोन्ही केले तरी हे दुखणं महिन्यांत मोजायचं, आठवड्यांत नाही.

आणि काही गोष्टींत बूट शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. लहानपणापासून नव्हे तर या एक-दोन वर्षांत एकच पाय सपाट होत चाललाय, आतल्या घोट्यामागे सूज आहे आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उंच होता येत नाही, तर घोट्यामागची शीर निकामी होत असू शकते. तिथे वेळ गेला की पाय कायमचा ताठ होऊ शकतो. तळव्याला जळजळ किंवा मुंग्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, चालताना 'कट्‌' आवाज होऊन अचानक दुखायला लागलेली टाच, दोन्ही टाचांबरोबर सकाळी आखडणारी कंबर, यांतलं काही असेल तरी तेच. मधुमेह असेल तर टणक सुकतळा स्वतःच्या मनाने अजिबात घालू नका, टोचलेलं कळलं नाही तर जखम होईल.

तुमचे साडेतीन हजारांचे बूट टाकून देऊ नका. सुकतळा निघत असेल आणि टाचेची वाटी कडक असेल तर मेमरी फोमचा सुकतळा काढून टणक आधाराचा घालून बघा. तरीही टाच मागून आत झुकलेली दिसली तर खालचा मिडसोलच नरम आहे, मग ते बाजारहाटाला ठेवा.